शेळी घरी पोचेपर्यंत

मी बसस्थानकावरचा नियंत्रक होतो. काचेच्या केबिनमध्ये बसून, समोर वेळापत्रक आणि तोंडाशी माइक धरून, "मंद्रूपला जाणारी गाडी फलाट क्रमांक सहावर लागलेली आहे" असं सांगणारा जो आवाज असतो, तो सोलापुरात बरीच वर्षं माझा होता. अजूनही मी मंडईत मेथीचा भाव विचारला की एखादा म्हातारा वळून बघतो आणि "तुमी स्टँडवर होता न्हवं?" म्हणतो. मला याचा गर्व आहे आणि तो लपवण्याइतका साधासुधा मी नाही. माझ्या पाळीत गाडी वेळेवर सुटायची. चालक चहा अर्धा टाकून पळत यायचे, वाहक शिव्या घालायचे, पण सुटायची.

हे सगळं आधीच सांगून टाकतो, कारण पुढचा घोळ मी याच गर्वापायी घातला.

निवृत्त झालो आणि वर्षभरात बायको गेली. मुलगा पुण्याला नोकरीला, शनिवारी येतो आणि रविवारी संध्याकाळी जातो. जुळे सोलापूर या उपनगरातल्या दुसऱ्या मजल्यावरच्या घरात उरलो आम्ही तिघं. मी, सूनबाई आणि साडेतीन वर्षांची नात. सूनबाई रक्त तपासायच्या लॅबमध्ये कामाला. सकाळी नवाला जाते ती साडेपाचला येते. नात सकाळी गल्लीच्या टोकाच्या खेळशाळेत जायची आणि बाराला मी तिला घरी आणायचो. बारापासून साडेपाचपर्यंत आम्ही दोघंच. माझ्या उरलेल्या आयुष्यात खरंखुरं काही असेल तर ती दुपार होती. सकाळी अंघोळ करायची ती बाराला तिला आणायला जायचंय म्हणून, एवढं सांगितलं म्हणजे समजेल.

आता कबुलीजबाब. तिला भाकरी-दूध भरवायला मी फोन लावून द्यायचो. फोनवर रंगीबेरंगी चित्रं नाचायची, ढोल वाजायचे, चेंडू फुटायचे, ट्रक गाणी म्हणायचे. डोळ्याची पापणी लवायच्या आत चित्र बदलायचं. एकदा मी चष्मा घालून नीट बघायला बसलो तर माझंच डोकं गरगरलं. एक संपायच्या आत दुसरं, दुसऱ्याच्या शेपटीला तिसरं. तिचं तोंड उघडं, डोळे काचेसारखे, मी घास कोंबतोय आणि ती गिळतेय. काय खातेय हे तिला ठाऊक नसायचं. पण भाकरी संपायची आणि मी सूनबाईला संध्याकाळी ऐटीत सांगायचो, "आज अख्खी भाकरी खाल्ली."

पुढचं मात्र सांगायचो नाही. फोन काढून घेतला की पोरगी पिसाळायची. फेकाफेक, लाथा, जमिनीवर लोळण. तासभर कशातच तिचं मन लागायचं नाही, ठोकळे काढायची आणि उधळायची, माझ्या मांडीवर चढायची आणि ढकलून उतरायची. जानेवारीत एकदा तिनं माझ्या दंडाला असा चावा घेतला की सगळे दात उमटले. मी बाही खाली ओढून बसलो होतो, पण संध्याकाळी खालच्या मजल्यावरच्या काकू जिन्यातच सूनबाईला भेटल्या आणि रोज दुपारी वर काय चालतं ते त्यांनी साग्रसंगीत सांगितलं.

सूनबाई मंद्रूपची. शेतकऱ्याच्या घरातली पोर, फार बोलत नाही आणि बोलली की काम होऊनच थांबते. तिनं माझी बाही वर केली, दंड बघितला आणि हळद लावता लावता म्हणाली, "बाबा, तुमचं वय न्हाय हे सोसायचं. लॅबच्या मागं एक पाळणाघर हाय. एक मार्चपासनं तिला तिथं घालू."

"आणि मी काय करू दिवसभर?" असं माझ्या तोंडून निघालं. पोरीच्या भल्याचा प्रश्न होता आणि मी स्वतःचं रडगाणं गात होतो.

तिनं हळदीची वाटी खाली ठेवली. मग म्हणाली, "फेब्रुवारी अख्खा हाय की आपल्याकडं. सुधारलं तर बघू." हा सोडलेला धागा मी घट्ट धरला.

दुसऱ्या दिवशी खेळशाळेच्या दारात मी बाईंना गाठलं. या बाई पूर्व भागातल्या, विणकरांच्या घरातल्या. घरी तेलुगू आणि शाळेत स्वच्छ मराठी. वीस पोरं एका खोलीत सांभाळतात आणि आवाज कधी चढवत नाहीत. मला तर त्यांचा हेवाच वाटायचा, कारण माझा आवाज माइकशिवायही तीन फलाट ओलांडायचा.

"आजोबा, जेवताना फोन आधी बंद करा," त्या म्हणाल्या. "चार दिवस कमी खाईल, खाऊ द्या. दुपारी थोडं काही दाखवायचंच असेल तर टीव्हीवर दाखवा, तिच्या शेजारी बसून. आणि सावकाश चालणारं दाखवा. ज्यात कुणीतरी चालत जातं, थांबतं, एक काम पुरं करतं. या वयाच्या मुलांना चित्र बदललं की मागचं काय होतं ते जुळवायला वेळ लागतो. धावत्या कार्यक्रमात ती जुळवतच नाहीत, नुसती ओढली जातात. आणि दिवसाला सगळं मिळून तासाच्या आत."

त्यांनी एका शेळीचा कार्यक्रम सांगितला. सूनबाईनं तो रात्री टीव्हीवर शोधून दिला.

कापडाची शेळी. परदेशातली असावी, बोलत जवळजवळ नाहीच. डोंगराच्या पायथ्याशी तिचं खोपट आहे. सकाळी ती खुंटीवरची टोपली काढते, खाली उतरते, कुणाची छत्री शिवून दे, कुणाची हरवलेली किल्ली शोध, कुणाच्या ओट्यावरची पानं झाड, असं एकच काम करते आणि त्याच वाटेनं परत येते. दारात पाय पुसते, टोपली खुंटीला लावते, आपल्याकडे एकदा बघते आणि फुंकर मारून दिवा मालवते. झालं. एक भाग साधारण दहा मिनिटांचा.

पहिल्या दिवशी मी सूनबाईला म्हणालो, "यात घडतं काय? शेळी चालते!"

"मग बघा की चालताना," ती म्हणाली.

मी बघता बघता झोपलो. जागा झालो तेव्हा शेळी गाठोड्याची गाठ मारत होती. म्हणजे मी झोपलो तेव्हाही मारतच होती. नात पहिले दोन दिवस कुरकुरली, "ट्रकवालं लाव" म्हणत राहिली. तिसऱ्या दिवशी शेळी पूल ओलांडायच्या आधी थांबली, तशी थांबायचीच ती, चांगली दोन श्वास घेईपर्यंत, आणि त्या शांततेत नात म्हणाली, "पाणी हाय खाली." माझ्याशी बोलली ती! टीव्हीसमोर बसून ती माझ्याशी बोलली असं पहिल्यांदाच झालं. मी म्हणालो, "व्हय की, लई पाणी हाय." ती म्हणाली, "पडल का?" मी म्हणालो, "न्हाय, ती सांभाळून जाती." असं आमचं संभाषण सुरू झालं. फोनवरच्या ट्रकनं आम्हाला कधी एका शब्दाचीही फट ठेवली नव्हती.

जेवणही रुळावर आलं. दोन दिवस तिनं चार घास खाल्ले आणि मला वाटलं आता पोर वाळणार. चौथ्या दिवशी तिनं स्वतःच्या हातानं भाकरीचा तुकडा शेंगाचटणीत बुडवला, तिखट लागलं म्हणून नाचली आणि पुन्हा बुडवला.

एवढं सगळं सुरळीत झालं आणि मग मी माझी अक्कल चालवली.

बाईंनी तासाच्या आत सांगितलं होतं. मी ठरवलं अर्धा तास. चार ते साडेचार. झोपून उठली की चार वाजता गाडी लागणार आणि साडेचारला बंद. एक मिनिट इकडे नाही की तिकडे नाही. सारखं नवं निवडायचा त्रास नको म्हणून मी शेळीचे सगळे भाग एकाला एक जोडलेला तास-दीड तासाचा लांबलचक व्हिडिओ हुडकून काढला. भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत मी रिमोट घेऊन बसायचो आणि मोठा काटा सहावर आला की बटण दाबायचो. टप्प. पडदा काळा.

आणि पुन्हा तोच आकांत. लोळण, लाथा, काकूंचा खालून काठीनं छत ठोकल्याचा आवाज.

मला कळेना. शेळी तर सावकाश चालते, मग पोर का पिसाळते? मला वाटलं आगाऊ सूचना कमी पडतेय. मग मी चार पंचविसाला माझ्या माइकच्या आवाजात सांगायला लागलो, "पाच मिनिटं राहिलेली आहेत!" तिनं माझ्याकडे नुसतं बघितलं. साडेतीन वर्षांच्या पोरीला पाच मिनिटं म्हणजे काय आणि पंढरपूर म्हणजे काय, दोन्ही सारखंच. मी मात्र रोज घोषणा करत राहिलो आणि रोज साडेचारला टप्प. वेळ पाळतोय यात माझं काय चुकतंय, हे मला दिसतच नव्हतं.

आठवडाभर हे चाललं. सूनबाई एके दिवशी लवकर आली ती नेमकी त्या आकांतात. चप्पलसुद्धा न काढता दारातच उभी राहिली. रात्री भांडी आवरताना म्हणाली, "बाबा, ऱ्हाऊ द्या आता. पाळणाघरातल्या बाईंशी मी बोलून ठेवलंय." आवाजात राग नव्हता. राग असता तर मी भांडलो तरी असतो.

दुसऱ्या दिवशी काटा सहावर आला आणि मी बटण दाबलं. नात पडद्याकडे धावली. काळ्या काचेवर दोन्ही तळहात आपटत रडायला लागली. मी तिला उचलायला गेलो आणि पहिल्यांदाच ती काय म्हणून रडतेय ते कान देऊन ऐकलं. एरवी रडणं ऐकू येतं, शब्द कोण ऐकतो.

"शेळी घरी न्हाय पोचली! आबा, शेळी घरी न्हाय पोचली!"

मी तिला तसाच धरून खाली बसलो. तिला जास्त टीव्ही नको होता. शेळी टोपली घेऊन वाटेत उभी होती, अंधार झाला होता आणि तो अंधार मी केला होता.

नियंत्रकाची पाळी कधी संपते? वहीत लिहिलेल्या वेळेला, असं कागद म्हणतो. पण मी कधीही त्या वेळेला उठलो नाही. माझ्या पाळीतली शेवटची गाडी, मग ती करमाळ्याहून येणारी असो की अक्कलकोटहून, स्थानकात शिरून तिचे दिवे विझेपर्यंत मी केबिन सोडत नसे. बायको डबा झाकून वाट बघायची आणि मी गेल्यावर विचारायची, "पोचल्या का सगळ्या?" मी म्हणायचो, पोचल्या. मगच ताट वाढायची. आणि हाच माणूस घरात बसून रोज बरोबर साडेचारला भर रस्त्यात गाडी थांबवत होता आणि प्रवाशाला म्हणत होता, उतर. मला माझीच इतकी लाज वाटली की मी पोरीची माफी मागितली. ती हुंदके देत म्हणाली, "लाव." मी लावली. शेळी चालत चालत आली, पाय पुसले, टोपली टांगली, दिवा मालवला. नातीनं एक मोठा श्वास सोडला आणि गप्प बसली. चार पस्तीस झाले होते. पाच मिनिटांसाठी मी आठवडाभर तिला रडवलं होतं.

त्या दिवसापासून घड्याळ गेलं. जोडलेला व्हिडिओही गेला. दोन भाग, सुटे सुटे, आणि कुठले ते आधी ठरवायचं. नियंत्रक व्हायच्या आधी मी वाहक होतो, तेव्हाचा माझा तिकिटाला भोक पाडायचा चिमटा मी जपून ठेवलेला होता. जुन्या लग्नपत्रिकांच्या पुठ्ठ्याची मी तिकिटं कापली. चार वाजता नातीच्या हातात दोन तिकिटं द्यायची. ती "छत्रीवालं" आणि "किल्लीवालं" असं सांगणार. पहिला भाग लागायच्या आधी एक तिकीट पुढे करणार, मी चिमट्यानं टिक करून भोक पाडणार. दुसरा लागताना दुसरं. हातात तिकीट उरलं नाही म्हणजे हा शेवटचा, हे तिला मिनिटांपेक्षा कितीतरी बरं कळायचं. आणि सूचना द्यायची ती शेळीच्या भाषेत. "शेळी पुलावर आली बघ. आता घरी जाणार, दिवा मालवणार, मग आपण लाह्या खाणार." पुढं काय आहे तेही सांगून ठेवायचं, नाहीतर संपल्यावर पोरानं जायचं कुठं?

पहिल्याच दिवशी फज्जा उडाला. दोन तिकिटं झाली, शेळीनं दिवा मालवला, मी विजयी मुद्रेनं लाह्यांचा डबा उघडायला वळलो आणि मागून गाणं ऐकू आलं. टीव्हीनं पुढचा भाग आपणहून सुरू केला होता. शेळी पुन्हा टोपली काढतेय आणि नात टाळ्या पिटतेय. मी घाबरून रिमोट दाबला आणि अर्थातच आकांत. फलाटावर गाडी लावायची आणि प्रवाशांना चढायचं नाही म्हणायचं, असा तो प्रकार.

संध्याकाळी मी सूनबाईला तक्रार केली, "हा टीव्ही माझं ऐकत न्हाय." ती हसली. कित्येक दिवसांनी हसली. तिनं रिमोटवर काहीबाही दाबून पुढचा भाग आपोआप लागायचं बंद केलं आणि मला दोनदा करून दाखवलं. म्हणाली, "आता दिवा मालवला की पडदा तिथंच थांबल."

दुसऱ्या दिवशी तो खरंच थांबला. अंधारलेलं खोपट आणि शांतता. नात पडद्याकडे बघत राहिली. मी श्वास रोखून बसलो होतो. तिनं गाल फुगवून "फू" केलं, उठली, माझ्या हातातला रिमोट घेतला आणि मी दाखवलेलं लाल बटण स्वतः दाबलं. मग कोपऱ्यात पडलेलं खेळशाळेचं दप्तर उचललं आणि पाय उंचावून दाराच्या खिळ्याला टांगायला लागली. दोनदा पडलं. तिसऱ्यांदा टांगलं. मग पायपुसण्यावर पाय पुसले, एक एक करून, शेळीसारखे.

"आबा, लाह्या," ती म्हणाली.

माझे डोळे भरून आले होते आणि मला डबा दिसेना.

सगळे दिवस असे गेले असं नाही. सर्दी झाली तेव्हा ती दिवसभर माझ्या अंगाला चिकटून होती आणि तिकिटांना कुणी विचारलं नाही. एका शनिवारी मुलगा आला आणि लेकीची खुशामत करायला म्हणून त्यानं स्वतःच्या फोनवर तेच ट्रक लावले. जेवायच्या वेळेला घरात रणधुमाळी. मी त्याला माइकच्या आवाजात झाडलं. "बाबा, एवढं काय," म्हणून तो हसला. रविवारी नातीनं त्याला स्वतःचं एक तिकीट दिलं, मी भोक पाडलं आणि तो शेळी बघायला बसला. छत्री शिवून व्हायच्या आत तो झोपला. नातीनं बोट ओठावर ठेवून मला गप्प केलं आणि त्याच्या डोक्याखाली उशी सारली. तिचा बाप आठवड्यातून दीड दिवस घरी असतो आणि त्यातला तो तास झोपण्यात गेला, पण मला तो सगळ्यात चांगला रविवार वाटला.

फेब्रुवारीच्या शेवटच्या आठवड्यात सूनबाई दुपारीच घरी आली. अर्धी रजा टाकली म्हणाली. परीक्षा घ्यायला आलीय हे मला कळलं आणि मी उगाच कपाट आवरायला लागलो. चारला नात उठली. आई दिसल्यावर ती उड्या मारायला लागली आणि मी मनात म्हटलं संपलं, कारण आई घरात असली की पोरं सगळे नियम विसरतात.

नातीनं दोन तिकिटं घेतली. थोडा विचार करून माझ्याकडे आली आणि म्हणाली, "आईला पण दे." मी आईलाही दोन दिली. चिमटा टिक टिक वाजला. तिघं सतरंजीवर बसलो. शेळीनं पानं झाडली, शेळी पुलावर थांबली. सूनबाईचे खांदे हळूहळू खाली आले. सकाळपासून माणसांच्या दंडात सुया टोचून आलेली बाई, तीही शेळीबरोबर थांबली. दुसरा भाग संपला, दिवा मालवला, पडदा थांबला.

आणि सूनबाई लबाडीनं म्हणाली, "अजून एक बघायचं का गं?"

मी मनातल्या मनात तिला नाही नाही ते बोललो.

नातीनं आईकडे असं बघितलं, जणू हिला साधी गोष्ट कळत नाही. "आई, शेळी झोपली की," ती म्हणाली. फू केलं, लाल बटण दाबलं, दप्तर टांगायला गेली.

सूनबाई उठून बाल्कनीत गेली आणि फोन लावला. "न्हाय ताई," ती पाळणाघरातल्या बाईंना सांगत होती, "पोरगी आजोबांजवळच ऱ्हाणार हाय." आत आली आणि मला म्हणाली, "बाबा, चहा टाकू?" मी मान हलवली. बोललो असतो तर आवाज फुटला असता, आणि माझा आवाज फुटलेला या घरात कुणी ऐकलेला नाही.

मार्च, एप्रिल, मे. सोलापूरचं ऊन म्हणजे दुपारी बाराला रस्त्यावर कुत्रंही नाही. खेळशाळेला सुट्टी लागली. आम्ही पडदे ओढून, कूलर लावून अख्खी दुपार घरात. नात शेळी होऊन ओली फडकी टोपलीत घालून या खोलीतून त्या खोलीत पोचवायची, आणि मी कधी छत्री फाटलेलं घुबड, कधी किल्ली हरवलेला बेडूक. टीव्ही चालायचा ती वीसेक मिनिटं. बाकीचा वेळ आम्हीच चालायचो. मी इतका सुखात होतो की जून येतो हे विसरलो.

जूनपासून मोठी शाळा. बालवाडीचा लहान गट, सकाळी नऊ ते साडेचार, शाळेचीच बस. संध्याकाळी बस सोडेपर्यंत सूनबाई घरी यायची वेळ होणार. हे आधीच ठरलेलं होतं. यात कुणाचा दोष नव्हता, कुणी माझ्याकडून काही हिसकावून घेत नव्हतं. पोरं मोठी होतात. तरी शाळेचा गणवेश घरात आला तेव्हा मी त्याच्याकडे बघायचं टाळलं.

शाळेच्या आदल्या दिवशी चार वाजता मी तिला तीन तिकिटं दिली.

तिनं मोजली. तिला आता तीनपर्यंत बिनचूक मोजता यायचं. "आबा, दोन असतात," ती म्हणाली.

"आज तीन बघू की. उद्यापासनं कुटं असतो आपण दुपारचं," मी म्हणालो. ज्या माणसानं शेळीला रस्त्यात थांबवलं होतं, तोच आता तिला घरी जाऊ द्यायला तयार नव्हता.

दोन भाग झाले. शेळी पुलावर थांबली, घरी आली, पाय पुसले, टोपली टांगली, दिवा मालवला. नातीच्या हातात तिसरं तिकीट होतं. मी चिमटा पुढे केला. तिनं तिकीट दिलं नाही. ते माझ्या सदऱ्याच्या खिशात घातलं आणि वरून हातानं दाबलं. मग पडद्याकडे वळून फू केलं आणि लाल बटण दाबलं.

मी सतरंजीवर तसाच बसून होतो. ती माझ्यासमोर उभी राहिली आणि माझं बोट धरून ओढायला लागली.

"आबा," ती म्हणाली, "शेळी पोचली घरी. आता तू पण ऊठ."

मी गुडघ्यावर हात टेकला आणि उठलो.